सोफ्याचा फोम : ३२ कडक घ्यावा की ४० मऊ?

सोफ्याचं सीट नव्याने भरायचं ठरलं की फोमच्या दुकानात साधारण दोन तुकडे समोर येतात. एक ३२ डेन्सिटीचा, दाबला तर चांगला टणक. दुसरा ४० डेन्सिटीचा, हाताला मऊ आणि किमतीला चढा. अंगठ्याने दाबून बघणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा पहिला उचलतं, कारण कडक तो टिकाऊ असं आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. पण फोमचा कडकपणा आणि त्याचं आयुष्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे आकडेही वेगळे असतात.

डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन. फोममधली बहुतेक जागा हवेची असते. उरलेलं जाळं किती भरीव आहे ते डेन्सिटी सांगते. तेच जाळं रोज आपलं वजन पेलतं, दबतं आणि परत उभं राहतं. ते विरळ असेल तर लवकर थकतं आणि जिथे रोज बसणं होतं तिथे खड्डा पडतो. कडकपणा मात्र कारखान्यात रसायनांचं मिश्रण बदलून कमीजास्त करता येतो. त्यामुळे ३२ चा फोम टणक निघू शकतो आणि ४० चा मऊ. नवेपणी पहिला जास्त दणकट वाटतो, पण वापरात आधी बसतो तोच.

डेन्सिटीच्या आकड्याची चांगली गोष्ट ही की तो तपासता येतो. दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि पाच इंच जाड असं एक सीट धरा. त्याचं आकारमान ०.०४७२ घनमीटर भरतं. याला डेन्सिटीने गुणलं की वजन मिळतं : २८ चा तुकडा सुमारे १ किलो ३२० ग्रॅम, ३२ चा १ किलो ५१० ग्रॅम आणि ४० चा १ किलो ८९० ग्रॅम. आता ४० म्हणून दिलेला तुकडा काट्यावर दीड किलो भरला, तर १.५ भागिले ०.०४७२ म्हणजे ३१.८. बिलावर काहीही लिहिलेलं असो, हातात ३२ आहे. वजन खोळ चढवण्याआधी करायचं, फोम कोरडा हवा, आणि जाडी टेपने चारही बाजूंनी मोजायची. पाच इंच सांगून साडेचार दिलेला असेल तर हिशेब तिथेच चुकतो.

वजनाला एक पळवाट आहे. फोममध्ये खनिज भुकटी मिसळली की वजन वाढतं, ताकद नाही. असा फोम काट्यावर ४० भरतो आणि टिकतो त्याहून कमी. कापलेल्या कडेवर बोट जोरात घासा. पांढरी पूड लागली किंवा चिमटीत कडा चुरली, तर संशय घ्यावा. फोमची किंमत मुख्यतः त्यातल्या मालाच्या वजनावर ठरते, म्हणून ३२ च्या भावात ४० मिळत असेल तर हा प्रयोग जरूर करावा.

कडकपणा मोजायची रीत अशी : सुमारे २० सेंटिमीटर व्यासाची गोल चकती फोमवर ठेवून तो ठरावीक टक्के दबेपर्यंत किती जोर लागतो ते बघतात. अमेरिकेत मुख्य आकडा २५ टक्के दाबाचा आणि पौंडांत असतो, तर आंतरराष्ट्रीय पद्धतीत ४० टक्के दाबाचा आणि न्यूटनमध्ये. दाबच वेगळा असल्यामुळे पौंडाचे न्यूटन करून दोन कागदांवरच्या आकड्यांची तुलना करता येत नाही. अमेरिकेत राहणाऱ्यांना फोमवर 1835 किंवा 2535 असे चार अंक दिसतील. पहिले दोन डेन्सिटीचे, म्हणजे घनफुटाला १.८ किंवा २.५ पौंड. शेवटचे दोन कडकपणाचे, इथे ३५. पौंडांच्या आकड्याला १६ ने गुणलं की आपला आकडा येतो : १.८ म्हणजे जवळजवळ २९ आणि २.५ म्हणजे ४०. दोन्ही फोम दुकानात बसून बघितले तर पहिल्या स्पर्शाला सारखेच लागतील. रोजच्या सोफ्यासाठी घ्यावा दुसरा.

पण वरवरच्या दाबाने सगळं कळत नाही. आपण बसतो तेव्हा फोम २५ टक्क्यांच्या पुष्कळ पुढे दबतो. म्हणून ६५ टक्के दाबायला लागणारा जोर भागिले २५ टक्क्यांना लागणारा जोर, हे गुणोत्तर बघतात. समजा दोन तुकड्यांना २५ टक्के दाबायला ३० पौंड लागले. पुढे ६५ टक्क्यांना साध्या फोमला ५७ लागले आणि एचआर, म्हणजे हाय रेझिलियन्स फोमला ७५. पहिल्याचं गुणोत्तर १.९, दुसऱ्याचं २.५. वरून दोन्ही तितकेच मऊ, पण पहिल्यावर जड माणूस बसला की खालचा प्लाय लागतो. दुसरा खोलवर जाता जाता विरोध वाढवत नेतो. हा कागद गल्लीतल्या दुकानात मिळणार नाही, पण गुडघा असतो. तुकडा फरशीवर ठेवून त्यावर एक गुडघा टेका आणि हळूहळू सगळं वजन सोडा. फरशी लागली तर त्या जाडीत तो फोम सीटला पुरणार नाही.

रिबॉन्डेड फोमवर १०० डेन्सिटी लिहिलेलं दिसतं, त्याने गोंधळून जाऊ नये. तो फोमच्या कातरणाचा चुरा चिकटवून, दाबून केलेला असतो. त्याचा १०० आणि अखंड फोमचा ४० हे एका मापाचे आकडेच नाहीत. नुसता रिबॉन्डेड पाच इंच घातला तर बसायला बाकासारखा लागतो. खाली एक इंच थर म्हणून मात्र तो कामाचा आहे.

मग घ्यायचं काय? हॉलमधल्या सोफ्यावर रोज तीन-चार तास बसणं होत असेल आणि खाली प्लाय असेल, तर ४० एचआर, मध्यम कडक, पाच इंच. इथे ३२ घेऊन वाचवलेले पैसे फोम पुन्हा भरताना जातात, वर कारागिराची मजुरी आणि कधी कधी खोळही. पाहुण्यांच्या खोलीतल्या, क्वचित वापराच्या सोफ्याला ३२ पुरतो. पाठीच्या कुशनवर अंगाचं थोडंच वजन येतं, तिथे २३-२४ चा मऊ फोम चालतो, ४० चा खर्च करू नये.

घरात गुडघ्याचा त्रास असलेलं माणूस असेल तर डेन्सिटी वाढवत बसू नका. डेन्सिटी ४० च ठेवून त्यातला जास्त कडक प्रकार मागा, किंवा चार इंच एचआरखाली एक इंच रिबॉन्डेड घाला. सीट कमी दबलं की उठताना गुडघ्यांवर कमी जोर येतो. सगळा नवा फोम पहिल्या काही आठवड्यांत थोडा मऊ पडतोच, म्हणून दुकानात अगदी मनासारखा वाटला त्याहून किंचित कडक निवडावा. कारागिराला सांगून फोम खोळीपेक्षा लांबी-रुंदीत अर्धा इंच मोठा कापून घ्यावा, म्हणजे तेवढ्या मऊपणाने खोळीला सुरकुत्या पडत नाहीत.

बिलावर नुसतं ‘४० फोम’ लिहून घेऊ नका. डेन्सिटी, एचआर की साधा, कडक की मध्यम आणि जाडी, या चारही गोष्टी लिहून घ्या. कापताना उरलेला विटेएवढा तुकडाही मागून ठेवा. वर्षभराने सीट बसल्यासारखं वाटलं तर खोळ काढून दोन्हींची जाडी शेजारी ठेवून मोजता येते, आणि दुकानदाराशी बोलताना पुरावा हातात असतो.