घरी येणारे तबल्याचे सर : नऊ वर्षांचा अनुभव आणि निरोपानंतरचे पाच महिने

माणसाच्या बाबतीत ‘वापरानंतरचा अनुभव’ म्हणणं बरं दिसत नाही, हे मान्य. पण घरी शिकवणी लावताना सगळे फी, वार आणि परीक्षा एवढंच विचारतात. सर गेल्यावर घरात काय अडतं, ते कुणी लिहीत नाही. कायदे-रेले या तबल्याच्या रचना, गांधर्व मंडळाच्या परीक्षा यांबद्दल काही म्हणणं नाही. प्रारंभिकपासून मध्यमा पूर्णपर्यंत मुलीचं सगळं वेळेवर झालं, त्याबद्दल सरांना पूर्ण गुण. तक्रार एकच, आणि ती मोठी आहे : तबला लावणं, म्हणजे तो स्वरात आणणं.

सर आठवड्यातून दोनदा यायचे. चपला काढल्या की आधी हातोडी. पाण्याचा पेला येईपर्यंत तबला पेटीतल्या काळी एकच्या स्वराला लागलेला असायचा. मार्चअखेर ते कायमचे मुलाकडे राहायला गेले. शाल, श्रीफळ, पाकीट, फोटो असं सगळं रीतसर झालं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तबला उतरला, आणि हातोडी कुठे मारायची हे घरात कुणालाच माहीत नाही! नऊ वर्षांच्या फीत एवढं बसत नव्हतं का?

पुण्यात हे होणारच. मे महिन्याच्या कोरड्या हवेत चामडं आकसतं, तबला चढतो. पाऊस लागला की तेच चामडं ओल धरतं, सैल पडतं आणि तबला उतरतो. आमचा काळी एकवरून पांढरी एकच्याही खाली गेला होता. पेठेतल्या एका दुकानात नेला, तर हात लावायच्या आधीच उत्तर : “पुडी गेली, नवी टाका, बाराशे.”

पुडी, म्हणजे तबल्यावर मढवलेलं चामडं, गेलेली नव्हती. उतरलेली पुडी आणि गेलेली पुडी यांत फरक आहे, आणि तो घरी कळतो. नुसती सैल पडलेली पुडी खालच्या स्वरात बोलते, पण बोलते. मधला काळा गोल, म्हणजे शाई, सुटली असेल तर ‘तिं’ वाजवताना झर्रर्र असा आवाज येतो आणि पुडीवर काळे कण पडतात. शाईवरच्या बारीक भेगांना घाबरू नये, त्या मुळातच असतात. त्यांत पावडर ठासून भरली की मात्र आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, मरते. चाट, म्हणजे पुडीची कडेची पट्टी, गजऱ्याच्या विणलेल्या कड्यापाशी फाटली असेल तर पुडी बदलण्यावाचून इलाज नाही. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. बाराशे रुपये वाचले, दुकानावरचा राग शिल्लक आहे.

मग लावायचा कसा, तर असा. तानपुरा काळी एकवर चालू ठेवायचा. तबला चुंबळीवर घट्ट बसवायचा, डुगडुगला तर ‘ना’ खरा ऐकू येत नाही. पुडीच्या कडेने सोळा घरं, म्हणजे स्वर जुळवायच्या जागा, असतात. एक घर ठरवून गजऱ्यावर पेनने ठिपका द्यायचा, ते पहिलं. तबला अर्ध्या स्वराहून जास्त उतरला असेल तर नुसत्या गजऱ्यावर भागत नाही, आधी बाजूच्या चामडी पट्ट्यांखालचे लाकडी गठ्ठे. गठ्ठे आठ, म्हणजे एक गठ्ठा साधारण दोन घरांचा ताण सांभाळतो. गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर हातोडी मारून तो गव्हाच्या दाण्याएवढा खाली सरकवायचा, की लगेच समोरचा. शेजारचा नाही, समोरचा. एका बाजूने ओळीने ठोकत गेलं की पुडी तिकडे ओढली जाते आणि मग ती सरळ करण्यात संध्याकाळ जाते. आम्ही पहिल्या दिवशी नेमकं हेच केलं.

स्वर जवळ आला की गठ्ठे सोडायचे आणि गजऱ्यावर यायचं. पहिलं घर, मग नववं, मग पाचवं, तेरावं. प्रत्येक घरापाशी चाटेवर ‘ना’ वाजवून ऐकायचं. उतरलेलं असेल तर गजऱ्यावर वरून हलका ठोका, चढलेलं असेल तर गजऱ्याच्या खालून वर. ठोका गजऱ्यावरच पडला पाहिजे. चाटेवर निसटला की पुडी फाटते, आणि मग दुकानदाराचे बाराशे खरे होतात. चार घरं जुळली की मधली घेत जायची. सगळी एका स्वरात आली की ‘ना’ची आस सरळ राहते. एखादं घर मागे असेल तर ती लाटेसारखी हलते. डग्ग्याला इतकी उठाठेव लागत नाही. तो फार सैल वाटला तर गजऱ्यावर चारी बाजूंनी सारखं ठोकलं की पुरतं.

गॅसवर धरून किंवा केस वाळवायच्या यंत्राने पुडी शेकू नका. घडीभर स्वर चढतो, पण शाई लोहकीस आणि खळीच्या थरांची असते. ती सुकून सुटायला लागते.

इथवरचं जुलैत लिहिलं होतं, आणि सरांना पाचपैकी तीन दिले होते. ऑगस्टमध्ये मत बदललं, पण पूर्ण नाही.

वर ‘ऐकायचं’ असं सहज लिहून गेलो. तिथेच सगळं अडतं. फोनवरचं स्वर दाखवणारं ॲप लावून पाहिलं, तर एकाच ‘ना’ला काटा तीन ठिकाणी उडतो. कारण शाईतच आहे. साध्या चामड्याचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबर उमटणारे वरचे स्वर, एकमेकांशी जुळत नाहीत. मधोमध शाईचं वजन आलं की ते मूळ स्वराच्या पटीत येतात, आणि म्हणूनच तबल्याला स्वर आहे. सी. व्ही. रामन यांनी यावर 1920 साली ‘नेचर’मध्ये लिहिलं होतं. कानाला या सगळ्याचा मिळून एक स्वर वाटतो. ॲप कधी यातला एक उपस्वर पकडतं, कधी दुसरा. इतक्यात मुलगी स्वयंपाकघरातून ओरडली, “बाबा, ते नाही, त्याच्या पलीकडचं उतरलंय!” बरोबर होतं. नऊ वर्षं तिने लागलेलाच तबला ऐकला होता, त्यामुळे न लागलेला तिला लगेच खुपतो. आम्हाला खुपत नाही.

म्हणून आता पाचपैकी चार. पाचवा गुण अडवलाय, कारण कान तयार झालेल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला शेवटच्या सहा महिन्यांत हातोडीही देता आली असती. मनगटात तोवर नेम आलेला असतो. ज्यांच्याकडचे सर निघायच्या बेतात आहेत, त्यांनी शेवटचे चार तास नव्या कायद्यावर घालवू नयेत. मुद्दाम उतरवलेला तबला मुलाकडून लावून घ्यायला सांगावं, आणि सरांनी हात मागे बांधून बसावं.

नंतर फोनवरून विचारून भागत नाही. व्हिडिओ कॉलमध्ये तानपुरा गोंगाट समजून कापला जातो आणि ‘ना’ची आसही त्याच्याबरोबर जाते. झूमवर Original Sound चालू केलं तर फरक पडतो, तेही दोन्हीकडचं नेट धड असेल तर.

तसं करूनही अकरावं घर रोज सकाळी उतरलेलंच सापडायचं. सरांनी कॅमेरा तिकडे वळवायला लावला, ऐकलं नाहीच, नुसतं पाहिलं. “वादी झिजलीय तिथे. ठोकू नकोस, तुटेल.” ती चामडी पट्टी, म्हणजे वादी, नवी ओवून घ्यायला दोनशे रुपये पडले. दुसऱ्या दुकानात.