तयार ‘सुरक्षा संच’ घेताना झालेली फसवणूक : लाईफ जॅकेट, फ्लेअर आणि डिझेल

मासेमारीचा हंगाम सुरू होण्याआधी छोट्या होडीसाठी लागणारे सुरक्षेचे सगळे सामान एकाच ठिकाणी, एकाच पावतीवर आणि वर टिक केलेल्या यादीसह मिळते म्हटल्यावर कोणालाही ते सोयीचे वाटते. मीही असा संच घेतला. त्यात सहा लाईफ जॅकेट, हातात धरायचे लाल फ्लेअर, पॅराशूट रॉकेट, नारिंगी धुराचे डबे आणि पहिल्या फेरीपुरते डिझेल होते. यादीतील प्रत्येक वस्तू जागेवर होती. फसवणूक मात्र त्या यादीला दिसू न शकणाऱ्या तीन ठिकाणी होती, ती म्हणजे जॅकेटच्या पोटात, फ्लेअरच्या लेबलाखाली आणि कॅनच्या तळाशी.

जॅकेटवर ‘100 न्यूटन’ असे छापलेले होते आणि शिवण, पट्टे, शिट्टी, चमकणारी पट्टी यांत खोट काढण्यासारखे काही नव्हते. 100 न्यूटन म्हणजे पाण्यात साधारण दहा किलो वजन वर उचलून धरण्याची ताकद. हे घरच्या घरी तपासता येते, आणि समुद्रात उतरण्यापूर्वी ते तपासण्याचा आमच्या तांडेलांचा आग्रह असतो. जॅकेटला दहा किलोचे लोखंडी वजन बांधून ते पाण्याच्या टाकीत सोडायचे. लोखंड पाण्यात बुडाल्यावर सुमारे एक-अष्टमांश हलके होते, त्यामुळे जॅकेटवर प्रत्यक्षात पावणेनऊ किलोच्या आसपासच भार येतो, आणि खऱ्या 100 न्यूटनच्या जॅकेटने तो सहज पेलून वर तरंगले पाहिजे. आमची सहाही जॅकेट संध्याकाळी तरंगली. त्या क्षणी तपासणी थांबवली असती तर विक्रेत्याचेच म्हणणे खरे ठरले असते, परंतु वजन बांधलेली जॅकेट रात्रभर पाण्यातच ठेवली होती आणि सकाळी त्यांपैकी चार टाकीच्या तळाशी गेलेली होती.

मोठ्या जहाजांवरील जॅकेटसाठी आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की, चोवीस तास पाण्यात राहिल्यावर त्याची तरंगण्याची ताकद पाच टक्क्यांहून अधिक घटता कामा नये. छोट्या होडीचे जॅकेट वेगळ्या दर्जाचे असले, तरी रात्रभरात बुडणारे जॅकेट कोणत्याही दर्जात बसत नाही. बुडालेल्यांपैकी एकाची शिवण ब्लेडने उसवली, तेव्हा छातीकडच्या भागात पॅकिंगला वापरतात तसल्या पातळ फोमच्या पट्ट्या निघाल्या आणि त्यांच्यामागे, मानेच्या बाजूला, गादीत भरतात तो स्पंज होता. पिळल्यावर त्यातून मगभर पाणी निघाले. खऱ्या जॅकेटमधील फोमची भोके बंद असतात, म्हणून त्यात पाणी शिरत नाही; स्पंजची भोके एकमेकांना जोडलेली असल्यामुळे तो आधी कोरडा असेपर्यंत तरंगतो आणि मग स्वतःच ओझे बनतो. मानेमागे स्पंज असणे तर अधिकच घातक आहे, कारण भान हरपलेल्या माणसाचे तोंड पाण्याबाहेर ठेवण्याचे काम तोच भाग करतो. शिवण न उसवता अंदाज घ्यायचा असेल, तर कापडावरून अंगठ्याने जोरात दाबून पाहावे. स्पंज सपाट होऊन लगेच फुगतो, तर जॅकेटचा फोम हाताला घट्ट लागतो. तरीही पाण्यातील परीक्षेला पर्याय नाही, असेच माझे मत झाले आहे.

फ्लेअरच्या बाबतीत अशी परीक्षा करताच येत नाही. लाल फ्लेअर हा संकटाचा इशारा आहे. तो पाहण्यासाठी म्हणून पेटवला तर शोधपथक निघू शकते आणि बहुतेक देशांत तो गुन्हा ठरतो. नेमकी हीच अडचण विक्रेत्याच्या पथ्यावर पडते. फ्लेअरची मुदत बनवल्यापासून साधारणपणे तीन ते चार वर्षे असते, आणि बनवल्याचा महिना, मुदतीचा महिना व बॅच क्रमांक खोक्यावरच नव्हे तर प्रत्येक नळकांड्यावरही असतो. आमच्या संचातील खोकी नवी कोरी होती. हँड फ्लेअर हातात घेऊन तिरप्या उजेडात धरला, तेव्हा मुदतीच्या जागी कागदाची कडा किंचित उचललेली दिसली. नखाने ती सोलली असता खाली मूळ छपाई होती आणि त्यानुसार मुदत केव्हाच संपलेली होती. रॉकेटवर स्टिकर नव्हते, पण तारखेच्या जागचे प्लास्टिक आजूबाजूपेक्षा फिके आणि घासलेले होते, म्हणजे छपाई कशाने तरी पुसून नवा शिक्का मारला होता. शिवाय खोक्यावरचा बॅच क्रमांक आतील एकाही नळकांड्याशी जुळत नव्हता.

विक्रेत्याला हे दाखवल्यावर तो म्हणाला, “अहो साहेब, तारीख गेली तरी पेटतातच ते, एवढं काय मनावर घेता!” काही पेटतात, हे खरे आहे. परंतु आत दमटपणा शिरलेले रॉकेट वर न जाता हातातच अडकू शकते, आणि जुना हँड फ्लेअर पेटला तरी वितळलेला निखारा होडीत टाकू शकतो, जिथे बाजूलाच इंधन असते. पूर्ण मिनिटभर पेटून तो उपयोगाचा ठरतो. काही सेकंदांत विझला तर दूरच्या बोटीवरच्या माणसाने मान वळवेपर्यंत सगळे संपलेले असते.

राहिले डिझेल. आमच्या इंजिनाला त्या फेरीसाठी जायला 18 लिटर आणि यायला 18 लिटर लागत होते, आणि तितकेच राखीव ठेवायचे या हिशेबाने 54 लिटर हवे होते. विक्रेत्याने 20 लिटरचे तीन कॅन दिले, म्हणजे कागदावर सहा लिटर जास्तच. 20 लिटर डिझेलचे वजन, कॅन वगळून, साधारण पावणेसतरा किलो भरते. वजनकाट्यावर प्रत्येक कॅन जवळपास एक किलोने कमी भरला. मग कॅनच्या तळापर्यंत नळी घालून काढलेला नमुना पारदर्शक बाटलीत स्थिर ठेवला, तेव्हा खाली पाण्याचा स्वच्छ थर जमला आणि वर डिझेल राहिले. वरून ओतून घेतलेल्या नमुन्यात हे पाणी दिसलेच नसते. मोजणीअंती प्रत्येक कॅनमध्ये साडेसतरा लिटरच डिझेल आणि लिटरभर पाणी निघाले. तिन्ही मिळून साडेबावन्न लिटर, म्हणजे राखीव साठ्यालाच कात्री लागलेली. त्याहून वाईट म्हणजे टाकीतले पाणी तळाशी बसते आणि इंजिन इंधन ओढते तेही तळाजवळूनच. त्यामुळे लाटांनी टाकी हलू लागली की, डिझेल शिल्लक असूनही इंजिन बंद पडते.

तक्रार करताना माझ्या उपयोगी पडले ते सोललेल्या स्टिकरचे व खालच्या तारखेचे एकाच चौकटीत घेतलेले छायाचित्र, उसवलेले जॅकेट, सीलबंद ठेवलेली डिझेलची बाटली आणि पावती; पण पावतीवर बॅच क्रमांक लिहिलेला नव्हता. या शेवटच्या गोष्टीवरून विक्रेत्याने ‘हा माल माझा नव्हेच’ असा पवित्रा घेतला, म्हणून फ्लेअर घेताना प्रत्येक नळकांड्याचा क्रमांक पावतीवर उतरवून घ्यावा. जॅकेटची मात्र मी परतफेड स्वीकारली नाही. पुरावा म्हणून एक ठेवून बाकीच्यांचे पट्टे कापले, कारण परत गेलेला माल वाळवून पुन्हा विकला जातो. मुदत संपलेले फ्लेअर समुद्रात किंवा कचऱ्यात न टाकता, असे साहित्य स्वीकारणाऱ्या यंत्रणेकडे जमा केले.