नागपूरचा उन्हाळा आणि डब्यातला कूलर: रायझन ५ ५६०० सोबत आठ महिने

आमच्याकडे ‘कूलर’ म्हटलं की लोकांना खिडकीतला, खस लावलेला, पाणी टाकायचा कूलर आठवतो. त्यामुळे डिसेंबरात मी घरी सांगितलं, ‘प्रोसेसरसोबत कूलर फुकट आलाय’, तेव्हा बाबा खरंच म्हणाले, ‘मग यंदा हॉलमधला बदलायला नको.’ गंमत अशी की शेवटी त्या खिडकीतल्या कूलरचाही या हिशोबात मोठा वाटा निघाला.

मशीन साधं आहे. रायझन ५ ५६००, बी ५५० चिपसेटचा मदरबोर्ड, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड. कॅबिनेट स्वस्तातलं: समोर काच, काचेच्या दोन्ही कडांना बोटभर फटी आणि मागे १२० मिलिमीटरचा एकच फॅन. प्रोसेसरवर डब्यातलाच रेथ स्टेल्थ. हा म्हणजे ॲल्युमिनियमच्या पात्यांचा बुटका गोळा आणि वर फॅन. हीटपाइप नाही, तळाला तांबं नाही. प्रश्न एवढाच होता की शनिवार-रविवारी चार-चार तास ‘सायबरपंक २०७७’ खेळायचं तर हे भांडवल पुरतं का. हिवाळ्यात दिलेल्या उत्तरावर माझा विश्वास नव्हता, म्हणून मे संपेपर्यंत लिहायचं थांबलो. म्हणता म्हणता जुलै उजाडला.

सुरुवातच वाईट झाली. मशीन जोडून आणलं होतं. पहिल्याच संध्याकाळी गेम सुरू केला आणि पाच-सहा सेकंदांत तापमान ५० वरून ८८ अंशांवर. खोलीत थंडी, मी शाल घेऊन बसलेलो. वाटलं, लोक म्हणतात तेच खरं, डब्यातला कूलर कचरा असतो. पण आकड्यापेक्षा तो चढला कसा हे बघायला हवं होतं. कॅबिनेटात हवा कोंडली असेल तर तापमान हळूहळू वर सरकतं, स्थिरावायला वीस-पंचवीस मिनिटं घेतं. जे काही सेकंदांत उडी मारतं, त्यात उष्णता प्रोसेसरमधून कूलरच्या धातूत पोचतच नसते. म्हणजे दोष प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधल्या थर्मल पेस्टचा नाहीतर स्क्रूचा.

तसंच निघालं. चारपैकी एक स्क्रू अर्धाच फिरवलेला होता. कूलर काढून पाहिला तर पेस्ट एका बाजूला दाबली गेलेली, दुसऱ्या बाजूला जशीच्या तशी. काढतानाची एक गोष्ट सांगतो, कारण यात नुकसान होऊ शकतं. एएम४ या सॉकेटच्या प्रकारात पिना प्रोसेसरला असतात आणि घट्ट झालेल्या पेस्टमुळे प्रोसेसर सॉकेटमधून कूलरसकट उपटून येऊ शकतो. आधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम करायची, मशीन बंद करून वायर काढायची, स्क्रू सैल करायचे आणि कूलर सरळ वर न ओढता आधी डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवायचा. तो सुटल्याचं हाताला कळतं. पुन्हा बसवताना मधोमध वाटाण्याएवढी पेस्ट, आणि चारही स्क्रू थोडेथोडे, समोरासमोरच्या जोड्यांनी. शेवटी ते आपोआप अडतात.

जानेवारीचे आकडे त्यानंतरचे. खोली २२ अंश. ‘सायबरपंक’ दोन तास चालल्यावर HWiNFO64 या मोजणाऱ्या ॲपमध्ये प्रोसेसरचं तापमान, म्हणजे `Tctl/Tdie`, ७३ ते ७५, तो ओढत असलेली वीज, म्हणजे `CPU PPT`, साधारण ५५ वॅट, घड्याळ म्हणजे कोरांचा वेग ४.४ गिगाहर्ट्झच्या आसपास. ५६०० ची बूस्टची हद्दच ४.४ आहे, म्हणजे काहीच सोडावं लागत नव्हतं. इथे वॅटचा आकडा तापमानापेक्षा महत्त्वाचा. ६५ वॅटचा म्हणून विकलेला हा प्रोसेसर मदरबोर्डच्या मूळ सेटिंगवर ७६ वॅटपर्यंत घेऊ शकतो. पण तेवढे तो सगळे कोर एकदम राबल्यावरच घेतो. गेममध्ये काही कोर धावतात, बाकीचे वाट बघतात. म्हणूनच सगळे कोर राबवणाऱ्या सिनेबेंच चाचणीचे आकडे पाहून ‘हा कूलर गेमिंगला चालणार नाही’ म्हणणं मला पटत नाही. दोन्ही ओझी वेगळी आहेत.

मग एप्रिल आला. बाहेर ४४, खिडकीतला कूलर सुरू असताना खोलीत ३३. आणि प्रोसेसर बरोबर ८५-८६ वर. खोली ११ अंशांनी वाढली तर प्रोसेसरही तेवढाच वाढला. हवेनं थंड करणाऱ्या कुठल्याही कूलरचं असंच चालतं. तो फक्त आजूबाजूच्या हवेपेक्षा किती अंश वर राहायचं ते ठरवतो, खाली कुठून सुरू करायचं ते तुमची खोली ठरवते. माझ्या मशीनमध्ये हे अंतर तेव्हा साधारण ५२ होतं. युरोपातल्या कुणाचा २० अंशांच्या खोलीतला आकडा पाहून इथे खरेदी करू नका. त्यात तुमच्या मे महिन्यातल्या दुपारचा फरक मिळवा, मग बघा.

५६०० ची मर्यादा ९० आहे (५६००एक्सची ९५, हे बरेच जण एकत्र करतात). म्हणजे ८६ ला गेम सुखरूप चालतो. फ्रेममध्ये जानेवारी आणि मे यांत मला फरक सापडला नाही. घड्याळ जेमतेम २५-५० मेगाहर्ट्झ उतरलं होतं. अडचण दोन ठिकाणी आली. एक, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलल्यावर काही गेम सुरुवातीला शेडर, म्हणजे ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्राम, बनवत बसतात. तेव्हा बाराही थ्रेड भरतात आणि तापमान ९० वर फुटपट्टीनं आखल्यासारखं स्थिर होतं. हाच क्षण बघण्यासारखा. वॅट ७६ पर्यंत न जाता ६२-६३ वरच अडकले होते आणि घड्याळ ४ गिगाहर्ट्झच्या खाली आलं होतं. वॅट हद्दीच्या खाली, तापमान हद्दीवर: म्हणजे प्रोसेसरला आता विजेनं नाही, उष्णतेनं रोखलंय. बिघडत काही नाही, काम थोडं हळू होतं. दुसरी अडचण आवाजाची. बुटका फॅन पूर्ण वेगानं फिरायला लागला की त्याचा बारीक, चिरका सूर बंद दाराबाहेर जातो. आई दोनदा विचारून गेली, ‘अरे, आत काय लावलंयस?’

आता दोष कूलरचा की कॅबिनेटचा? यासाठी एक पैसा लागत नाही. गेम अर्धा तास चालू द्यायचा, तापमान लिहायचं, बाजूची काच काढून तोच गेम त्याच जागी आणखी अर्धा तास. माझं ८६ वरून ७९ वर आलं. सात अंश म्हणजे कूलरला खोलीची हवा मिळतच नव्हती, कॅबिनेटातली आधीच तापलेली हवा तो पुन्हापुन्हा फिरवत होता. ती तापवणारा कोण, हे उघड आहे. ३०६० एकटं १७० वॅटपर्यंत घेतं आणि ती सगळी उष्णता कॅबिनेटातच सोडतं, प्रोसेसरच्या तिप्पट. फरक एक-दोन अंशांचाच आला असता तर कॅबिनेटावर खर्च करून उपयोग नव्हता, मग कूलरच बदलायला हवा होता. काच कायमची काढून ठेवणारे मित्र आहेत माझे. नागपुरात आठवड्यात पात्यांवर धुळीची गादी बसते, त्यामुळे मी ते टाळलं.

समोर काचेमागे १२० चे दोन साधे फॅन लावले, हवा आत खेचणारे. समोरच्या काचेच्या कडेच्या फटी अरुंद असल्यानं बाजूची काच काढल्याएवढा फायदा झाला नाही, पण ८६ चे ८१ झाले. जाळीचं तोंड असलेलं कॅबिनेट घेतलं असतं तर हा खर्चच वाचला असता. काचेला भुललो, दुसरं काय.

पुढचा फायदा फुकटात झाला. बायॉसमध्ये `Curve Optimizer` सर्व कोरांना `Negative 20` दिला आणि `PPT Limit` ६० वॅटवर आणला. पहिल्यानं तेच काम कमी व्होल्टेजवर होतं, दुसऱ्यानं शेडरच्या वेळची उसळी कापली जाते. गेममध्ये प्रोसेसर ५० वॅटवर आला आणि मेमधल्या त्याच खोलीत ७७-७८ वर थांबला. शेडर बनताना ८६ च्या वर गेला नाही. आधी मी `Negative 30` ठेवलं होतं. गेममध्ये कधी त्रास नाही, पण मशीन नुसतं डेस्कटॉपवर पडलेलं असताना दोनदा आपोआप रीस्टार्ट झालं. कमी ओझ्यावर एखादा कोर सर्वांत वर उड्या मारतो आणि व्होल्टेज तिथेच अपुरं पडतं. म्हणून फक्त गेम चालवून ‘स्थिर आहे’ असं ठरवू नका, दोन दिवस ब्राउझर उघडा ठेवूनही बघा.

आवाजासाठी फॅनचा वेग नाही, त्याची घाई कमी केली. रायझनचं तापमान एका क्लिकवर दहा अंश उडी मारून परत येतं आणि फॅन प्रत्येक उडीमागे धावतो. बायॉसमध्ये वेग वाढवण्याआधी काही सेकंद थांबायची सोय असते, माझ्या बोर्डवर तिचं नाव `Fan Step Up Time` आहे. ते वाढवल्यावर ती सततची वरखाली बंद झाली. ८० अंशांपर्यंत ६५ टक्के, त्यापुढे पूर्ण वेग. आता हेडफोनशिवायही खेळता येतं. अगदी शांत असं म्हणणार नाही.

तर ५६०० ला हा कूलर पुरतो, पण कडक उन्हाळ्यात गेमसोबत रेंडरिंग करायचं असेल, किंवा खोलीत तुमच्याकडे पाण्याचा कूलरही नसेल, तर मी दीड-दोन हजारांचा हीटपाइपवाला उभा टॉवर कूलर आधीच घेईन. ५८००एक्सला तर हा प्रश्नच नाही, त्याच्या डब्यात कूलर येतच नाही. टॉवर घेतलात तर एक लक्षात असू द्या: बुटका फॅन वरून खाली हवा मारतो, त्यामुळे सॉकेटभोवतीच्या, प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या व्हीआरएमलाही वारा लागतो. टॉवर ती हवा मागे ढकलतो. स्वस्त बोर्डावर हीटसिंक नसेल तर तिथलं तापमानही बघावं.

आता पावसाळा. दमट हवेत खिडकीतला कूलर निरुपयोगी, खोली ३१. प्रोसेसर ७५-७६ वर खेळतोय. गेल्या रविवारी ८० दिसले म्हणून पुन्हा सेटिंगमध्ये शिरणार होतो, मग टॉर्च मारून पाहिलं. पात्यांमध्ये राखाडी कापूस आणि समोरच्या एका फॅनवर मांजराचे केस. पंखा बोटानं धरून ब्रश फिरवला, पाच मिनिटांत चार अंश परत आले.