ओटीपी कुणालाच सांगितला नाही, तरी 49,500 रुपये गेले

मी रिटायर्ड क्लार्क आहे, 34 वर्षं आवक-जावक सांभाळलं, सही नसलेला एक कागद कधी पुढे सरकू दिला नाही, आणि तोच मी स्वतःच्या घरात खुर्चीवर बसून स्वतःच्या हाताने खातं उघडून दिलं. लाज वाटते म्हणून तीन आठवडे कुणाला बोललो नाही. पण परवा एकाशी बोलताना कळलं की त्यांच्याकडेही डिट्टो असाच प्रकार झाला, म्हणून लिहितोय.

झालं असं की बँकेने चार महिन्यांपूर्वी पासवर्ड बदलायला लावला होता. मी बदलला, कुठे लिहून ठेवला नाही, कारण जावई म्हणाले होते की पासवर्ड डायरीत लिहू नका बाबा. बरोबरच होतं त्यांचं, पण डोक्यात राहिलाच नाही ना तो. सोमवारी सकाळी पेन्शन जमा झाली का बघायला नेट बँकिंग उघडलं, तीनदा चुकीचा टाकला आणि युजर लॉक. खाली बारीक अक्षरात "पासवर्ड विसरलात?" असं लिहिलेलं होतं म्हणे, माझ्या काही नजरेला पडलं नाही. मी सरळ मोबाइलवर बँकेचं नाव आणि कस्टमर केअर नंबर असं टाइप केलं आणि जो पहिला नंबर वर आला तो लावला.

इथेच पहिली चूक. तो साधा दहा आकडी मोबाइल नंबर होता. पण फोन लागल्यावर कॉलर आयडीच्या अ‍ॅपवर बँकेचंच नाव दिसलं, म्हणून मी निश्चिंत. नंतर समजलं की त्या अ‍ॅपमध्ये स्वतःचं नाव काय दिसावं हे ज्याचं त्याने टाकायचं असतं, मी उद्या "मुख्य कार्यालय" टाकलं तरी तेच दिसेल. बँकेचा खरा नंबर कुठे असतो तर आपल्या कार्डाच्या मागे आणि पासबुकवर. दोन्ही वस्तू माझ्यापासून हातभर अंतरावर कपाटात होत्या!

पलीकडचा माणूस इतका नम्र की आमच्या ऑफिसात असा एकही नव्हता. म्हणाला काका काळजी करू नका, तुमचा पासवर्ड तुम्हीच बदलायचा, मी फक्त कुठे क्लिक करायचं ते सांगतो, आणि हो, ओटीपी मलाही सांगू नका, कुणालाच सांगायचा नसतो. हे ऐकल्यावर माझा उरलासुरला संशय गेला. चोर कशाला म्हणेल ओटीपी सांगू नका?

मग "तुमची स्क्रीन दिसली तर मार्गदर्शन करता येईल" म्हणून एक अ‍ॅप टाकायला लावलं. ते अ‍ॅप खोटं नव्हतं, कंपन्यांतले कॉम्प्युटरवाले दुरून मशीन बघायला तसलं वापरतात. त्यात एक नऊ आकडी नंबर आला तो त्याने विचारला, मी सांगितला, मग फोनवर "सुरू करा" आलं ते मी दाबलं. तेव्हापासून माझ्या फोनवर जे जे दिसत होतं ते ते त्याला दिसत होतं. त्याने सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीन 30 मिनिटं बंद होणार नाही असंही करून घेतलं, म्हणे मध्येच बंद पडली तर परत पहिल्यापासून करावं लागेल.

आता गंमत अशी की त्याने मला बँकेच्या खऱ्या साइटवरच नेलं. बनावट साइट वगैरे काही नाही. "पासवर्ड विसरलात" वर जाऊन युजर आयडी, खाते नंबर, मोबाइल नंबर, जन्मतारीख आणि ती वाकडीतिकडी अक्षरं मी भरली. ओटीपी आला, वर पट्टीत दिसला, मी तो तोंडातून न काढता टाकला. मग कार्डाचा नंबर, मुदत आणि पिन. शेवटी नवा पासवर्ड. तो टाकताना ठिपके दिसतात, म्हणजे त्याला वाचता आला नसता, तर हा काय म्हणतो, "काका, परत विसरू नये म्हणून आधी फोनच्या नोट्समध्ये लिहून घ्या, मग तिथून बघून टाका." मी लिहिला. मोठ्या अक्षरात, चष्मा नसला तरी दिसावा म्हणून. आजही हे आठवलं की कपाळावर हात मारावासा वाटतो.

पासवर्ड बदलला गेला, खरोखर बदलला, मी थँक्यूसुद्धा म्हणालो. तो म्हणाला आता सर्व्हरवर अपडेट व्हायला वीस मिनिटं लागतील, तोवर फोन टेबलावर पालथा ठेवा आणि हात लावू नका. मी ठेवला पालथा आणि पेपर वाचत बसलो.

थोड्या वेळाने ही आतून म्हणाली, अहो तुमचा फोन सारखा थरथरतोय. मी म्हटलं अपडेट चालू आहे. पाचव्यांदा थरथरला तेव्हा तिनेच उलटा केला. सात मेसेज. एक नवीन लाभार्थी, म्हणजे ज्याला पैसे पाठवायचे ते खातं, जोडण्याचा ओटीपी, एक लाभार्थी जोडला गेल्याचा, एक तीन लाखांची एफडी मुदतीआधी मोडल्याचा, मग 25,000 गेले, मग 24,500 गेले, आणि वर दोन नवे ओटीपी. प्रत्येक ओटीपीच्या मेसेजात तो कशासाठी आहे ते लिहिलेलं होतं. फोन पालथा पण स्क्रीन चालू, म्हणजे मला दिसत नव्हतं तेवढंच, त्याला सगळं दिसत होतं. पासवर्ड त्याच्याकडे, आणि ओटीपी माझ्याच फोनवर त्याच्या डोळ्यांसमोर. सांगायची गरजच कुठे होती?

तीन लाख का वाचले म्हणाल तर आमच्या बँकेत नवीन जोडलेल्या लाभार्थ्याला पहिले 24 तास 50,000 च्या वर पाठवता येत नाहीत. एफडी मोडून पैसे बचत खात्यात येऊन पडले होते, बाहेर निघाले नव्हते. दुसऱ्या दिवशी निघाले असते.

मी तर बधिर होऊन बसलो होतो, जे केलं ते हिने. आधी माझ्या फोनचं नेट बंद केलं, मग स्वतःच्या फोनवरून कार्डामागचा नंबर लावून नेट बँकिंग आणि कार्ड दोन्ही बंद करवलं, आणि लगेच 1930 ला फोन. हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर आहे, तिथे खाते नंबर, किती वाजता किती गेले आणि व्यवहाराचा रेफरन्स नंबर विचारतात. तो रेफरन्स नंबर बँकेच्या मेसेजात असतो, म्हणून रागाच्या भरात मेसेज डिलीट करू नका. तक्रारीचा नंबर मिळाला, नंतर सविस्तर तक्रार cybercrime.gov.in वर भरली. आम्ही साधारण अर्ध्या तासात फोन केला म्हणून 21,000 समोरच्या खात्यात अडकवता आले. बाकीचे तोवर पुढच्या खात्यांत जाऊन एटीएममधून निघालेसुद्धा.

दुपारी शाखेत गेलो. तिथली ऑफिसर माझ्या मुलीपेक्षा लहान, पण तिने ओरडा न घालता सगळं लिहून घेतलं. पैसे परत मिळतील का विचारलं तर तिने स्पष्ट सांगितलं. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकात असं आहे की चूक ना बँकेची ना ग्राहकाची, दुसरीकडेच कुठे गडबड झाली, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर त्याची जबाबदारी शून्य. पण पासवर्ड-पिन ग्राहकाच्याच हलगर्जीपणामुळे बाहेर गेले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. माझा दुसरा प्रकार. वाईट वाटलं पण नियम वाचल्यावर भांडायला जागा नव्हती. एवढं मात्र लक्षात घ्या की कळवल्याची वेळ फार महत्त्वाची, म्हणून तक्रारीची पोच आणि एसेमेस जपून ठेवा.

मग पासवर्डचं. मी म्हटलं मला नको ते नेट बँकिंग, बंदच करा कायमचं. ती म्हणाली काका, सकाळी तुम्ही जे केलंत ते पासवर्ड बदलायचं योग्यच काम होतं, फक्त बरोबर कोणी नको होतं. आणि घाई तर मुळीच नव्हती, तीनदा चुकलं की युजर त्या दिवसापुरता लॉक होतो, दुसऱ्या दिवशी आपोआप उघडतो, आठवेना तर तेव्हा बदलायचा. (प्रत्येक बँकेत हे थोडं वेगळं असतं, आपापल्या बँकेत विचारून घ्या.)

तिने सांगितलं तसा आधी तो फोन फॅक्टरी रीसेट करून आणला, नुसतं अ‍ॅप काढून समाधान मानू नका म्हणाली, कारण आणखी काय टाकलंय ते आपल्याला कळत नाही. कार्ड बंद असल्यामुळे कार्डाच्या पिनवर पासवर्ड बदलता येईना, म्हणून शाखेतला फॉर्म भरला, पासबुक आणि ओळखपत्र दाखवलं, सही जुळवून बघितली (हे आवडलं मला!) आणि तिने तिच्या बाजूने मंजुरी दिली. मग साइटचा पत्ता मला स्वतःला टाइप करायला लावला, सर्चमध्ये शोधून नाही. पत्त्याच्या शेवटी .bank.in आहे का ते बघा म्हणाली, बँकांना रिझर्व्ह बँकेने हे शेपूट ठरवून दिलंय, 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत सगळ्यांना तिथे जायचं होतं, आणि ते बँकांशिवाय कुणाला मिळत नाही.

ओटीपी आला तेव्हा मी सवयीने आकडे बघून टाकायला लागलो तर तिने थांबवलं, आधी अक्षरं वाचा, आकडे शेवटी. मोठ्याने वाचायला लावलं, आकडे सोडून. "पासवर्ड बदलण्यासाठी" असं होतं, म्हणजे मी करत होतो त्याच कामाचा. त्या सोमवारी लाभार्थी जोडण्याचा ओटीपी आला तेव्हा एवढंच वाचलं असतं तर.

नवीन पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा मी फोन तिच्याकडे सरकवला, तुम्हीच टाका बाई, माझा हात थरथरतोय. तिने फोन परत माझ्याकडे सरकवला आणि खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड करून बसली. झालं की सांगा काका, म्हणाली. मला दोन मिनिटं लागली, मागे रांगेतला एक जण चुळबुळ करत होता, पण ती काही वळली नाही.

अडकवलेले 21,000 अजून हातात आलेले नाहीत, त्याची प्रक्रिया चालू आहे. एफडी परत केली, मोडल्यामुळे थोडं व्याज गेलं. तो नंबर परवा सर्चमध्ये पुन्हा शोधला तर तो दिसला नाही, त्याच्या जागी दुसराच एक दहा आकडी नंबर होता.