पंप बंद, मीटर चालू : डीपी घ्यावा की मॅग?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेलच्या डाय हाऊसमध्ये पाण्याच्या मुख्य लाईनवर आधी ओरिफिस आणि डीपी ट्रान्समीटर होता, आता मॅग आहे. दोन्ही मी स्वतः वापरलेत, म्हणून हा आढावा. ओरिफिस काय, मॅग काय, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. लाईन ८० मिलीमीटरची आहे. सगळी मशिनं एकदम भरायला लागली की ताशी ३६ घनमीटर पाणी जातं, धुलाईच्या वेळी ६ पर्यंत उतरतं. रात्री सॉफ्टनरमधून बॉयलरला जाणारं पाणी त्याहूनही कमी. थोडक्यात, प्रवाह एका जागी राहत नाही.

डीपीवर माझा राग नव्हता. तीन वर्षं तो बिनबोभाट चालला. रेंज २५०० मिलीमीटर पाण्याची, म्हणजे पूर्ण प्रवाह ताशी ६० घनमीटर. मग एका मे महिन्यातल्या सुट्टीच्या दिवशी वॉचमन म्हणाला, "साहेब, पंप बंद आहे, पण मीटर पळतंय." जाऊन बघितलं तर खरंच, ताशी ३ घनमीटर. सकाळी दहा ते संध्याकाळी पाचपर्यंत असं चाललं तर २१ घनमीटर होतात. दहा हजार लिटरचे दोन टँकर, तेही न आलेल्या पाण्याचे!

मी सवयीप्रमाणे मॅनिफोल्डचा इक्वलायझिंग व्हॉल्व्ह उघडला. झीरो अगदी चोख. बंद केला, तर पुन्हा ३. दोन-तीनदा हाच खेळ झाला. शेवटी हात लावून पाहिल्यावर कळलं. मीटरभर लांबीच्या दोन इम्पल्स लाईनींपैकी कमी दाबाची बाजू भिंतीच्या उन्हात होती, जास्त दाबाची पत्र्याच्या सावलीत. २५ अंशांचं पाणी आणि ४५ अंशांचं पाणी यांच्या घनतेत इतका फरक असतो की मीटरभर उंचीला सहा-सात मिलीमीटरचा दाब तयार होतो. इक्वलायझर उघडला की दोन्ही बाजू एक होतात, म्हणून तिथे हा फरक दिसत नाही.

सहा मिलीमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण वर्गमूळ इथे गळा धरतं. २५०० पैकी ६.२५ म्हणजे पाव टक्का. त्याचं मूळ काढलं की पूर्ण प्रवाहाचे ५ टक्के, म्हणजे ताशी ३ घनमीटर. हीच चूक ताशी ३६ च्या वेळी कोणाला दिसतही नाही, कारण तिथे डीपी ९०० मिलीमीटर असतो. ताशी ६ ला मात्र डीपी जेमतेम २५. त्यात सव्वासहा मिळवले की मीटर ६.७ दाखवतो.

लो-फ्लो कटऑफ ६ टक्क्यांवर नेला तर भुताचं पाणी थांबतं, पण रात्रीचं बॉयलरचं खरं पाणीही त्याच्याबरोबर पुसलं जातं. मी दोन्ही लाईनी एकत्र बांधून त्यांवर इन्सुलेशन चढवलं. बराच फरक पडला, हे कबूल. पण पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की त्याच लाईनींत गाळ बसायचा आणि ब्लो-डाऊन करून पुन्हा तेच मागे लागायचं. ज्याच्याकडे रोज हात फिरवणारा माणूस आहे आणि प्रवाह जवळपास स्थिर आहे, त्याला डीपी अजूनही परवडेल. आमच्याकडे यांपैकी काहीच नव्हतं.

मॅगमध्ये वर्गमूळ नाही, इम्पल्स लाईन नाही. ताशी ६ ला आमच्या लाईनीत पाण्याचा वेग सेकंदाला साधारण ३३ सेंटीमीटर असतो आणि तो त्याला नीट कळतो. त्याचे नखरे वेगळे. पाईप कायम भरलेला हवा, म्हणून आम्ही तो वर चढणाऱ्या उभ्या पाईपात बसवला. प्लॅस्टिकच्या पाईपात अर्थिंग रिंग टाळू नका, नाहीतर पंप सुरू झाला की आकडा नाचतो. बोअरच्या जड पाण्याने आतून थर धरतो, तेव्हा वर्षातून एकदा काढून पुसतो. वाफ, तेल, हवा किंवा बॉयलरचं स्वच्छ कंडेन्सेट असेल तर मॅगचा विचारच सोडा. त्याला विद्युतवाहक द्रव लागतो.

आता लाईट जाण्याचं. इथे एक गुण डीपीला द्यावाच लागतो : तो दोन तारांवर चालतो, अर्धा वॅटसुद्धा पुरतो, म्हणून छोट्या बॅटरीवर तासन्‌तास तगतो. आमचा मॅग मेनवर आहे. तुमचं पाणी वरच्या टाकीतून उताराने येत असेल तर लाईट नसतानाही ते वाहत राहणार, तेव्हा मॅगला यूपीएस द्याच. आमचा पंपच बंद पडतो, त्यामुळे तो प्रश्न नव्हता.

आमचा घोळ टोटलायझरमध्ये झाला. सुट्टीला मेन स्विच पाडला, पीएलसीची बॅटरी कधीच संपलेली, आणि सोमवारी एकूण आकडा शून्य. बॅटरीचा लाल दिवा दोन महिने पेटलेला होता. पॅनेलचं दार बंद असल्यामुळे कोणी पाहिला नाही. कोणी सुचवलं की दर सेकंदाला फ्लॅशमध्ये लिहा. एका जागी लाखभर वेळा लिहिता येईल असं धरलं, तर ती जागा अठ्ठावीस तासांत बाद.

त्याआधीही एक चूक लपलेली होती. एकूण आकडा घनमीटरमध्ये एकाच ३२ बिटी REAL मध्ये साठवत होतो. असा आकडा २,६२,१४४ च्या पुढे गेला की त्याची सर्वांत लहान पायरी ०.०३१२५ होते. ताशी ३६ च्या प्रवाहात सेकंदाला ०.०१ मिळवायचा असतो. तो निम्म्या पायरीपेक्षाही लहान, म्हणून बेरीज होतच नाही. पाणी धो-धो वाहतंय आणि आकडा तिथल्या तिथे! म्हणून आता पूर्ण लिटर DINT मध्ये आणि उरलेला तुकडा वेगळा :

```
IF Tick1s THEN
  IF mA >= 3.8 AND mA <= 20.5 AND UpSec >= 10 THEN
    Rem_L := Rem_L + Flow_m3h / 3.6;
  END_IF;
  Whole := TRUNC(Rem_L);
  Total_L := Total_L + Whole;
  Rem_L := Rem_L - DINT_TO_REAL(Whole);
END_IF;
```

`Flow_m3h` कटऑफ लावून आलेला असावा. पहिले दहा सेकंद सोडतो, कारण लाईट आल्यावर मीटर सावरेपर्यंत सिग्नल भलताच असतो. मर्यादेबाहेरचा मिलिअँपिअर म्हणजे बिघाड. तो बेरजेत घ्यायचा नाही. `Total_L` दर १००० लिटरला फ्लॅशमध्ये जातो, तोही ६४ जागांत आळीपाळीने, प्रत्येकाबरोबर अनुक्रमांक आणि सीआरसी. लिहिता लिहिता लाईट गेली तर ती एक नोंद बिघडते, मागची शाबूत राहते. सुरू होताना सीआरसी जुळणाऱ्यांपैकी सर्वांत मोठा अनुक्रमांक उचलायचा. पहिल्या स्कॅनला कुठेही `Total_L := 0` राहिलेलं नाही ना, हे मात्र आधी शोधा. आमच्याकडे एका जागी निघालं.

खरं सांगायचं तर हिशेबासाठी मी आता मॅगचा स्वतःचा टोटल आरएस-४८५ वरून वाचतो. तो त्याच्या पोटात जपून ठेवलेला असतो. पीएलसीची बेरीज फक्त ताळ्यासाठी. महिन्यातून एकदा टाकी भरताना फक्त पीएलसीचा एमसीबी पाच वेळा पाडतो आणि दोन्ही आकड्यांतला फरक मोजतो : बंद वेळ अधिक दर वेळचे दहा सेकंद, एवढ्या वेळचं पाणी, आणि वर दर वेळी फ्लॅशमध्ये न पोचलेले फार तर हजार लिटर, इतका आला की ठीक. जास्त आला तर फ्लॅशमधून नोंद नीट उचलली गेली का, ते आधी बघायचं.

जुना डीपी ट्रान्समीटर टाकला नाही. तो आता सँड फिल्टरच्या दोन टोकांना लावलाय, आणि बॅकवॉश कधी करायचा ते सांगतो. तिथे वर्गमूळ नाही, त्यामुळे उन्हाचे सहा मिलीमीटर कोणाच्या लक्षातही येत नाहीत.