साडी भिजली नव्हती, सादळली होती: जून ते ऑक्टोबर वापरून पाहिलेलं

परभणीतून घरबसल्या सुती साड्या आणि हाताने बांधलेल्या वह्या विकते. आपल्याकडे पाऊस तो केवढा, ओलीची काळजी कोकणवाल्यांनी करावी, असं मला वाटायचं. मागच्या जुलैत चिपळूणच्या गिऱ्हाईक ताईंचा निरोप आला, "साडी छान आहे, पण कुबट वास येतोय." पिशवी फाटलेली नव्हती, पाण्याचा डाग नव्हता. म्हणजे ओल वाटेत लागली नव्हती, मीच ती घालून पाठवली होती. आमचा इस्त्रीवाला पाणी शिंपडून इस्त्री करतो, आणि साड्या घरी आल्या की मी लगेच पिशवीत बंद करायचे.

यंदा जूनमध्ये सगळ्यात आधी आणल्या त्या सिलिका जेलच्या एक ग्रॅमच्या पुड्या. पैसे वाया गेले म्हणत नाही, पण हिशेब चुकला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मे महिन्यात दुपारी एक साडी भरली होती ४६२ ग्रॅम. तीच जुलैत उघड्या फळीवर राहून ४९१ झाली. म्हणजे सुताने नुसत्या हवेतून २९ ग्रॅम पाणी ओढलं. जेल अगदी दमट हवेतही स्वतःच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकंच पाणी धरतं, म्हणजे एका पुडीत ग्रॅमचा जेमतेम तिसरा हिस्सा. ते सगळं पाणी ओढून घ्यायला एका पिशवीत निदान नव्वदेक ग्रॅम जेल लागेल. शिवाय पुड्यांचं पाकीट जूनमध्ये फोडून तसंच ठेवलं होतं, त्यामुळे त्या महिन्याभरात आपोआपच भरून गेल्या असणार.

खरा उपयोग झाला तो आर्द्रता दाखवणाऱ्या छोट्या डिजिटल मीटरचा. तो भिंतीला लावू नका. साडीबरोबर झिपच्या पिशवीत घालून चार-पाच तास बंद ठेवा. मग आकडा खोलीतल्या हवेचा नाही, साडीत किती ओल आहे त्याचा येतो. माझा नियम असा: साठच्या आत असेल तर पाठवायची, पासष्टच्या वर असेल तर परत वाळवायची. सत्तरच्या पुढे काही दिवस गेले की बुरशीला रान मोकळं. स्वस्त मीटर पाच-सात टक्क्यांनी चुकतो. म्हणून बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओलसर लगद्यासारखं होईल एवढंच पाणी घाला आणि मीटरसकट हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. पंच्याहत्तर दाखवायला हवं. माझा एकोणऐंशी दाखवतो, मी चार वजा करते. प्रत्येक साडी तपासणं होत नाही, एका खेपेतली एक तपासते.

वाळवायला लाकडी कपाटात खाली ६० वॉटचा जुन्या पद्धतीचा बल्ब लावला आणि खाली-वर हवेला फटी ठेवल्या. एलईडी चालत नाही, त्याची ऊब पुरत नाही. बाहेरची हवा २६ अंश आणि ८५ टक्के दमट असेल, तर तीच ३४ अंशांवर नेली की साधारण ५४ टक्क्यांवर येते. पाणी तेवढंच, पण गरम हवेला ते पुरत नाही. घडी अर्धी उलगडून दांडीवर टाकली, बल्बपासून दोन हात लांब. चार तासांत ती ४९१ ची साडी ४७५ वर आली. जाऊबाई म्हणाल्या, "काय गं, साड्यांना शेक देतेस का?"

कपाटातून काढलेली साडी कोमट असतानाच पिशवीत भरायची. गार व्हायला बाहेर ठेवली की तासाभरात परत ओल धरते.

पिशवीत मात्र मी आधी फसले. चिकटपट्टीची पातळ चकचकीत पिशवी दिसायला छान, पण पट्टीच्या दोन्ही टोकांना फट राहते. आता ५० मायक्रॉनची साधी पॉलिथिनची पिशवी आणि हँड सीलर. नवीन पिशव्या आल्या की एक रिकामी पिशवी फुगवून, सील करून बादलीतल्या पाण्यात दाबून पाहते, बुडबुडे आले तर सीलरची वेळ एक घर वाढवते. लाईट गेली की काम ठप्प, आणि परभणीत पावसात लाईट जाणं काही नवं नाही. प्लास्टिकमधूनही वाफ हळूहळू आत जातेच. दहा-बारा दिवसांचा प्रवास निभतो, पण सहा महिने साठवायला भरवसा नको.

वह्यांना हे कपाट मानवत नाही. कागदाच्या कडा आधी वाळतात, मधला भाग मागे राहतो, पुठ्ठा वाकतो. शिवाय वहीची ओल हवेपेक्षा खळीतून जास्त येते. मेमध्ये दोन दिवसांत सुकणारी बांधणी जुलैत वजनाखाली आठ दिवस मागते, आणि मधे घातलेले कोरडे कागद रोज बदलावे लागतात. मी आता पावसाळ्यात विकायच्या वह्या मेमध्येच बांधते आणि तेव्हाच दहा-दहाचे गठ्ठे सील करते. एक गठ्ठा सप्टेंबरात फोडला, मीटरने आत अठ्ठावन्न दाखवलं. फोडलेल्या गठ्ठ्यातल्या उरलेल्या वह्या मात्र त्याच दिवशी पुन्हा सील कराव्या लागतात. एकदा विसरले, तर चौथ्या दिवशी कडा लाटेसारख्या झाल्या.

पाच महिन्यांत वासाची एकच तक्रार आली. ती साडी मी लाईट नसताना चिकटपट्टीच्या पिशवीत पाठवली होती. उरलेल्या पुड्यांतलं जेल कपाटाच्या उबेने सुकत नाही, म्हणून ते शंभर अंशांच्या वर तापवून सुकवलं, त्या पुड्या आता ह्यांच्या जुन्या कॅमेऱ्याच्या डब्यात आहेत.