एकदम दाबायचं की हळूहळू: एका मोल गॅसचा हिशेब

बडोद्यात दांडिया बाजारच्या माझ्या अकरावी-बारावीच्या क्लासात दरवर्षी हा प्रश्न येतो: "सर, गॅस दाबायला लागणारं काम काढताना इथे लॉगवालं सूत्र लावायचं की PΔV वालं?" मकरपुरा जीआयडीसीत छोटं युनिट चालवणारे एक परिचितही कॉम्प्रेसरची मोटर निवडताना वेगळ्या शब्दांत हेच विचारत होते. म्हणून दोन्ही रीती एकाच गॅसवर शेजारी-शेजारी मांडतो.

गॅस आहे १ मोल नायट्रोजन. तो आदर्श धरू आणि तापमान ३०० केल्विन घेऊ. सुरुवातीचा दाब १ बार, शेवटचा १० बार. RT येतं २४९४ जूल. घनफळ २४.९४ लिटरवरून २.४९ लिटरवर येतं, म्हणजे २२.४५ लिटरने घटतं. सुरुवात आणि शेवट दोन्ही रीतींत तेच, फरक फक्त वाटेत आहे.

पहिली रीत इर्रिव्हर्सिबल. १०० चौरस सेंटिमीटरचा उभा पिस्टन घ्या. वर हवेचा १ बार आहेच, आणि पिस्टनचं वजन गॅसच्या सुरुवातीच्या दाबात धरायचं नाही. आता बाहेरचा एकूण दाब १० बार करायला उरलेल्या ९ बारसाठी साधारण ९१७ किलो वजन एकदम ठेवावं लागेल. पिस्टन २.२४५ मीटर खाली येतो, थोडं वरखाली होतो आणि थांबतो. वजनाने केलेलं काम सुमारे २०,२०३ जूल, हवेने केलेलं २,२४५. बेरीज २२,४४८ जूल. सूत्रातूनही तेच निघतं:

`W = P_ext (V1 − V2) = RT (P2/P1 − 1) = 2494 × 9`

दुसरी रीत रिव्हर्सिबल आयसोथर्मल. वजन एक-एक कण करत वाढवायचं, म्हणजे बाहेरचा दाब आतल्या दाबापेक्षा सतत नावापुरताच जास्त राहतो आणि प्रत्येक पावलाची उष्णता भिंतीतून निघून जाते:

`W = RT ln(P2/P1) = 2494 × 2.303 = 5743 J`

२२,४४८ विरुद्ध ५,७४३. जवळपास चौपट. एकाच गॅसला एकाच ठिकाणी पोचवायला एवढा फरक का पडतो? पहिल्या रीतीत गॅस अजून १ बारवर असतानाही वरून १० बारचं ओझं उतरत असतं. बाहेरच्या आणि आतल्या दाबातला हा फरक सुरुवातीला खूप मोठा असतो, आणि त्यातून पिस्टनचा वेग, गॅसमधली भोवऱ्यासारखी हालचाल आणि शेवटी निव्वळ उष्णता तयार होते. दोन्ही रीतींत शेवटचं तापमान तेच, म्हणून आंतरिक ऊर्जा बदलत नाही. जेवढं काम आत घातलं, तेवढी उष्णता बाहेर गेली.

मुलं इथे बरोबर शंका काढतात: गॅस मधे तापतो, मग ३०० केल्विन धरून काम कसं मोजायचं? समजा भिंत पूर्ण इन्सुलेटेड आहे. स्थिर विशिष्ट उष्णता धरली तर गॅस सुमारे १,०७१ केल्विनवर पोचतो आणि तोपर्यंत १६,०३५ जूल काम होतं. मग इन्सुलेशन काढा. गॅस १० बारवरच थंड होत आकसतो आणि आणखी ६,४१३ जूल काम घेतो. बेरीज पुन्हा २२,४४८. बाहेरचा दाब स्थिर असेल तर उष्णता केव्हा गेली याने कामाच्या आकड्याला फरक पडत नाही. हा मुद्दा पुस्तकांत दोन ओळींत उरकतात, माझ्या मते तो वहीवर एकदा करून बघण्यासारखा आहे.

दोन टोकांच्या मधेही जागा आहे. वजन टप्प्याटप्प्याने ठेवलं आणि दर टप्प्याला गॅस ३०० केल्विनवर येऊ दिला, तर असं होतं:

| टप्पे | काम (जूल) |
|---|---|
| १ | २२,४४८ |
| २ | १०,७८६ |
| ४ | ७,७६५ |
| १० | ६,४५८ |
| १०० | ५,८१० |

पहिला जादा टप्पाच सगळ्यात जास्त वाचवतो, पुढे कमाई आटत जाते. टप्पा कुठे तोडायचा हेही महत्त्वाचं. दोन टप्प्यांत मी मधला दाब ३.१६ बार घेतला आहे, म्हणजे दोन्हीकडे दाबाचं गुणोत्तर सारखं. बरोबर मध्य म्हणून ५.५ बार घेतला, तर काम १३,२६५ जूल होतं. मध्य शोधायचा तो बेरजेचा नाही, गुणाकाराचा.

आता निवड. गणितात "स्थिर बाह्य दाबाविरुद्ध", "एकदम", "एकाच टप्प्यात" असे शब्द दिसले की पहिलं सूत्र, आणि बाह्य दाब शेवटचाच घ्यायचा, सुरुवातीचा नाही. "रिव्हर्सिबल" किंवा "अत्यंत हळू" असेल तर लॉग. काही सांगितलंच नसेल पण "किमान काम" विचारलं असेल, तरी लॉगच. तपासायची युक्ती सोपी आहे: ३०० केल्विनच्या परिसरात, त्याच दोन स्थितींमधलं उत्तर ५,७४३ च्या खाली येऊच शकत नाही. २,२४५ आलं तर १ बारच बाह्य दाब म्हणून घातलाय. २,४९४ आलं तर १० चा लॉग घेताना २.३०३ ने गुणायचं राहिलंय.

चिन्हाचंही एक. एनसीईआरटीच्या अकरावीच्या केमिस्ट्रीत गॅसवर केलेलं काम धन असतं, फिजिक्समध्ये गॅसने केलेलं. आकडा तोच, चिन्ह उलटं, त्यामुळे पेपर कोणता आहे ते आधी बघा. आणि दाबाचं गुणोत्तर छोटं असेल, म्हणजे १ वरून १.१ बार, तर दोन रीतींत फरक फक्त पाच टक्क्यांच्या आसपास: २४९ आणि २३८ जूल. तिथे सूत्रावरून वाद घालण्यात वेळ घालवू नका.

आता मकरपुऱ्याचा प्रश्न. कॉम्प्रेसरची मोटर ठरवताना २२,४४८ हा आकडा अजिबात वापरू नये. पिस्टन-कॉम्प्रेसरमध्ये १० बारचं ओझं पहिल्यापासून नसतं. आतला दाब वाढत जातो तसतसा पिस्टनवरचा जोरही वाढतो. तिथलं नुकसान मुख्यतः हवा तापण्यातून येतं, कारण एका फटक्यात उष्णता बाहेर जायला वेळच मिळत नाही. घर्षण आणि गळती बाजूला ठेवून, उष्णता मुळीच न जाता एका टप्प्यात १ वरून १० बारवर न्यायला प्रति मोल सुमारे ८,१२५ जूल लागतात आणि हवा जवळपास ५७९ केल्विनवर, म्हणजे ३०६ अंश सेल्सिअसवर निघते. दोन टप्पे करून मधे इंटरकूलरने हवा पुन्हा ३०० वर आणली तर ६,८०० जूल. ५,७४३ हा आकडा इथेही तळाची रेघ म्हणून कामी येतो.

एक सावधगिरी मात्र पाळा: गेजवर १० बार दिसत असेल तर खरा दाब ११ आहे, आणि वरचे सगळे आकडे खऱ्या दाबाचे आहेत.